पातेलं उचलावं लागतं

ताई, सप्रेम नमस्कार.

मी लातूरची. डिप्लोमाला असताना तीन वर्षं हॉस्टेलमध्ये राहिले. त्या दिवसांवर एक लघुकथा लिहिली आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री वैशाली नावाची मुलगी खोलीत एकुलत्या एका हॉटप्लेटवर कॉफी करते, पिते आणि पुन्हा अभ्यासाला बसते, एवढीच गोष्ट. दोन ठिकाणांहून परत आली. एका संपादकांनी लिहिलं, ‘वातावरण छान आहे, पण कथेत काही घडत नाही.’ मैत्रीण म्हणते, आग लागली असं दाखव. भाऊ म्हणतो, रेक्टर मॅडमनी पकडलं असं दाखव. मला दोन्ही पटत नाही. पण मग घडवू तरी काय? कथा सोबत पाठवते आहे.

— एक वाचक, लातूर

*

आग नको आणि रेक्टर मॅडमही नकोत. तुझ्या मनानं दिलेला कौल बरोबर आहे. या दोन्ही गोष्टी बाहेरून आणून बसवल्यासारख्या होतील. तुझी कथा पहिल्या ओळीपासून एकाच वस्तूकडे बघते आहे, ती हॉटप्लेट. घडायचं ते तिच्यातूनच घडायला हवं, आणि तिच्यात घडण्यासारखं पुष्कळ आहे. ते कथेत उतरलं नाही, कारण मला वाटतं, लिहिताना तुझ्या डोळ्यांसमोर हॉटप्लेट नव्हती. घरचा गॅस होता.

तुझ्याच चार ओळी तुझ्यासमोर ठेवते. ‘हॉटप्लेटच्या लालसर उजेडात वैशालीचा चेहरा उजळला होता. दूध वर येताना पाहून तिनं आच मंद केली. कॉफीचा सुगंध खोलीभर दरवळला. पहिला घोट घेताच झोप कुठल्या कुठे पळाली.’ वाचायला ओघवत्या आहेत. पण यातली एकही गोष्ट त्या खोलीत तशी झाली नसणार, आणि तू तीन वर्षं तिथं राहिलीस म्हणजे हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

लालसर उजेड कॉईलच्या शेगडीचा असतो. पांढऱ्या चिनीमातीच्या चकतीत खाचा, त्या खाचांत बसवलेली नायक्रोमची स्प्रिंग, बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात ती लालभडक होते आणि अंधारात तिचा उजेड खरंच तोंडावर पडतो. पण दुसऱ्या पानावर तू ‘काळी गोल तबकडी’ असं लिहिलं आहेस. ती ओतीव लोखंडाची. तिच्या पोटात तीच तार असते, पण बंद. ही तबकडी कितीही तापली तरी लाल होत नाही, काळीच राहते. तापली आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. हात जवळ नेला की कळतं, नाहीतर पाण्याचा थेंब टाकला की. तेव्हा आधी ठरव, वैशालीच्या खोलीत यातलं काय होतं. दोन्हींच्या कथा वेगळ्या होतील. कॉईलवर दूध सांडलं तर तार तुटते, मग मुली पिळा मारून ती जोडतात, आणि पुढच्या वेळी नेमकी त्या पिळ्यापाशीच पुन्हा तुटते. शिवाय ॲल्युमिनियमचं पातेलं उघड्या तारेला टेकलं की झटका बसतो. ती एक वेगळी, भीतीची कथा आहे. मला वाटतं तू तबकडीच ठेव. तुझ्या कथेला लागणारी गोष्ट तिच्याकडे आहे.

ती गोष्ट म्हणजे तिला आच नाही. गॅसची कळ फिरवली की ज्योत त्याच क्षणी खाली येते आणि वर आलेलं दूध बसतं. हॉटप्लेटची कळ फिरवली तर काहीच होत नाही. किलोभर लोखंड तापून बसलेलं असतं. आतली वीज बंद झाली तरी ते आपल्या वेळेनं निवणार. दूध त्याच्या आत उतू जाणार. म्हणून हॉटप्लेटवर दूध तापवणाऱ्या कुठल्याही मुलीला एक गोष्ट हाताला शिकवावी लागते. दूध वर आलं की कळ फिरवायची नाही, पातेलं उचलायचं. सांडशी किंवा फडकं आधीपासून दुसऱ्या हातात हवं. शोधायला वळलीस तर उशीर झाला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी ज्या हॉस्टेलमध्ये होते तिथं आमच्या खोलीतल्या हॉटप्लेटवर एक छोटा तांबडा दिवा होता. आतलं तापमान पुरेसं झालं की थर्मोस्टॅट टक् असा आवाज करून वीज तोडायचा आणि दिवा विझायचा. पहिल्याच आठवड्यात मी दिवा विझलेला बघितला, प्लेट गार झाली असं समजले आणि टेबलावर जागा नव्हती म्हणून सर्व्हेची वही तिच्यावर ठेवली. वास आला तेव्हा पुठ्ठ्यावर बशीएवढं तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. वही वर्षभर तशीच वापरली. परीक्षेत वही बाहेर ठेवायची वेळ आली की सगळ्या वह्यांच्या ढिगात माझी लगेच ओळखू यायची. तुझ्याकडे असं काही असेलच. उतू गेलेल्या दुधाचा करपट वास पांघरुणाला लागलेला, किंवा तळहातावर एक पांढरट खूण. तसलं एक कथेत यायला हवं. ‘सुगंध दरवळला’ हे कुठल्याही कॉफीबद्दल लिहिता येतं. उतू गेलेलं दूध लोखंडावर जळल्याचा वास मात्र त्या खोलीचाच असतो, आणि तो दोन दिवस जात नाही.

आता वेळेचं बघू. माझ्या मते तुझ्या कथेचं खरं कोडं तिथं सुटतं. तू कॉफी दोन वाक्यांत करून टाकली आहेस. प्रत्यक्षात किती वेळ लागतो? हजार वॅटची प्लेट धर. दोन पेल्यांपुरतं, म्हणजे साधारण 300 मिलिलिटर दूध-पाणी. सगळी उष्णता दुधात गेली असती तर दीड मिनिटात काम झालं असतं. पण तशी ती जात नाही. लोखंड तापायलाच दोन-अडीच मिनिटं खातं, आणि पुढेही निम्मी उष्णता हवेत आणि पातेल्यात जाते. त्यात हॉस्टेलचं पातेलं कधी सपाट बुडाचं नसतं. चेपलेलं, मध्ये फुगलेलं, ठेवलं की डुगडुगणारं. गॅसवर त्यानं काही बिघडत नाही, ज्योत बुडाला सगळीकडून भिडते. तबकडीवर मात्र बूड जिथं टेकेल तिथूनच उष्णता चढते. म्हणून प्रत्येकीला आपलं पातेलं कसं फिरवून ठेवलं की नीट बसतं हे माहीत असतं. एकूण सहा-सात मिनिटं धर, चेपलेल्या बुडाला आठ.

ही आठ मिनिटं तू कथेतून वगळली आहेस. माझ्या मते कथा त्यांच्यातच आहे. त्या आठ मिनिटांत वैशालीला दोनपैकी एकच गोष्ट करता येते, दुधाकडे बघणं किंवा वहीकडे बघणं. दूध शेवटपर्यंत शांत असतं. वर साय धरते, खाली वाफ कोंडते, आणि मग दोन-तीन सेकंदांत सगळं वर येतं. तेवढ्यात डोळे वहीत असतील तर गेलं. उद्या पेपर, अभ्यास राहिलेला, आणि जागं राहण्यासाठी जे करायचं त्यासाठीच अभ्यासातली आठ मिनिटं द्यायची. वैशाली वही मांडीवर उघडी ठेवते, डोळे पातेल्यावर ठेवते आणि पाठ केलेलं तोंडानं म्हणून बघते. कुठं अडतं ते तिला तिथं कळतं, कारण खाली बघून खात्री करून घेता येत नाही. परीक्षेत नेमकी हीच अवस्था असते. ‘ती अस्वस्थ होती’ असं तू तीन ठिकाणी लिहिलं आहेस. तिन्ही काढ. दुधाकडे बघत म्हटलेलं एक सूत्र आणि त्यात झालेली एक चूक एवढं पुरेल.

इथं विषयाचं नाव येऊ दे. ‘उद्याचा पेपर’ म्हणून भागणार नाही. तू डिप्लोमा सिव्हिलला होतीस असं कथेतल्या एका उल्लेखावरून वाटतं, तर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स घे. दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या तुळईच्या मध्यावर एकच लोड असेल तर जास्तीत जास्त बेंडिंग मोमेंट WL/4, आणि तोच भार सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर wL²/8, यात मुलींचा दर वर्षी गोंधळ होतो. पहिल्यात W म्हणजे पूर्ण भार, दुसऱ्यात w म्हणजे दर मीटरचा. वाचणाऱ्याला यातलं काही कळायची गरज नाही. तिची जीभ कुठं अडखळते ते ऐकू आलं की बास.

त्याच आठ मिनिटांत कॉफी फेटायची असते. हे तुझ्या कथेत अजिबात नाही याचं मला नवल वाटलं, कारण हॉस्टेलची कॉफी म्हणजे फेटलेली कॉफी. पेल्यात एक चमचा इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर, आणि पाणी अगदी थेंबांनी मोजून. पाणी जास्त झालं तर पातळ होतं, हवा धरत नाही आणि कितीही हात चालवला तरी रंग बदलत नाही. थेंब बरोबर पडले तर काळपट गोळा आधी तपकिरी होतो, मग बदामी, आणि चमच्याला चिकटून राहतो. चार-पाच मिनिटं तरी लागतात. दूध तापत असतं तेवढ्यात हे उरकतं, म्हणजे वेळ वाया जात नाही. अडचण आवाजाची. स्टीलचा पेला, स्टीलचा चमचा आणि रात्रीचे पावणेदोन. शेजारच्या कॉटवर मैत्रीण झोपलेली असेल तर तो आवाज दडवण्यासाठी वैशाली काय करते, यावरून ती कशी मुलगी आहे हे कळेल. तिचा स्वभाव वेगळा सांगायची गरज उरणार नाही.

आता संपादकांच्या ‘काही घडत नाही’कडे येते. तुझ्या हॉस्टेलमध्ये लाईट जायची का? भारनियमनाची नाही म्हणत मी, ती तर महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी जायची. परीक्षेच्या रात्री फक्त आपल्याच कॉरिडॉरची जायची, ती. हिशेब करून बघ. एका हजार वॅटच्या प्लेटला सव्वाचार अँपिअरच्या वर करंट लागतो. हॉस्टेलमधल्या ओळीनं असलेल्या पाच-सहा खोल्या पुष्कळदा एकाच दहा अँपिअरच्या एमसीबीवर, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्यावर असतात, कारण ती वायरिंग पंख्याची आणि ट्यूबलाईटची असते. एक प्लेट चालते. दोन चालतात, कशाबशा. तिसरी लागली की तेरा अँपिअर झाले. आणि एमसीबी इतक्या भाराला लगेच पडत नाही. त्याच्या आत एक धातूची पट्टी असते, ती तापत तापत वाकते आणि काही मिनिटांनी खटका पडतो. म्हणजे तिसरीनं बटण दाबलं तेव्हा काहीच होत नाही. तिला वाटतं चालतंय. आणि पाच-दहा मिनिटांनी, जेव्हा तिघींचंही दूध वर यायच्या बेतात असतं, तेव्हा कॉरिडॉर अंधारात जातो.

कुणामुळे गेली हे कुणालाच सांगता येत नाही. खटका पुन्हा वर केला तरी राहीलच असं नाही, पट्टी निवायला वेळ लागतो आणि तोवर कुणाची तरी प्लेट चालूच असते. तिघींपैकी एकीनं तरी कबूल करून बंद केल्याशिवाय लाईट टिकणार नाही. उद्या सगळ्यांचा पेपर आहे. हे तुझं ‘घडणं’. रेक्टरची गरज नाही, आगीची नाही. फक्त तुझ्या हॉटप्लेटच्या शेजारी आणखी दोन होत्या, एवढंच कथेला आजवर माहीत नव्हतं.

आणि बघ, अंधार झाला तरी लोखंड तापलेलंच आहे. वीज गेली, दूध थांबलं नाही. तो प्रसंग कसा लिहिता येईल याचा एक खर्डा करून देते. हा घेऊ नकोस. तुझ्या खोलीतल्या वस्तू तुला माहीत आहेत, त्या घाल.

‘बटण दाबलं तेव्हा दीड वाजून गेला होता. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर हॉटप्लेट, तिच्यावर पातेलं, पातेल्यात पेलाभर पाणी आणि पिशवीतलं उरलेलं दूध. वैशालीनं पातेलं फिरवून फिरवून डुगडुगायचं थांबलं तिथं सोडलं.

पेला तिनं ओढणीत गुंडाळला, पोटाशी धरला आणि फेटायला लागली. सुनंदा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. चारला उठव म्हणाली होती.

मध्यावर लोड असेल तर डब्ल्यू एल बाय फोर. पसरलेला असेल तर डब्ल्यू एल... स्क्वेअर. बाय एट की बाय फोर? वही मांडीवरच होती. वैशालीनं खाली बघितलं नाही. सोमवारी बघितलं होतं, त्याचा वास अजून कॉटखाली होता.

कॉफी बदामी झाली. पातेलं गुणगुणायला लागलं. तिनं डाव्या हातात फडकं घेतलं.

लाईट गेली.

पंखा आणखी काही फेरे फिरला आणि थांबला. बाहेर कुणाची तरी चप्पल घासत गेली. वैशालीनं चाचपत बटण बंद केलं आणि मग तिला ऐकू आलं की दूध अजून गुणगुणतंच आहे. दिसत काहीच नव्हतं. ती पातेल्याकडे तोंड करून बसली आणि कान दिला. आवाज वाढला. आणखी वाढला. मग एकदम खाली आला, जसं वर्गात सर आले की होतं. तिनं पातेलं उचललं. अंगठ्याला कढत फेस लागून गेला. प्लेटवर एक थेंब चर्र झाला, एकच.

“उतू गेलं?” सुनंदा म्हणाली.

“नाही.”

दार उघडलं तर शेजारचं दार उघडं होतं आणि त्याच्या पलीकडचंही. एकीकडून चहाचा वास, दुसरीकडून करपलेल्या दुधाचा. बोर्डाखाली फर्स्ट इयरची एक मुलगी वही छातीशी धरून उभी होती. तिच्या खोलीत हॉटप्लेट नव्हती.

“कुणाचं काय चालू होतं?” तिनं विचारलं.

वैशालीच्या हातात पातेलं होतं. अंधारात ते कुणाला दिसत नव्हतं.’

इथं मी थांबते. पुढे वैशाली काय म्हणते ते मी सांगणार नाही, ते तुला ठरवायचं आहे आणि त्यातच तुझी कथा ठरेल. ती ‘माझं बंद आहे’ म्हणू शकते, आणि ते खरंही आहे, कारण बटण तिनं आत्ताच बंद केलं. ती गप्प राहू शकते. ती पातेलं पुढे करू शकते. यातलं काय निवडलंस तर कथा चांगली होईल असं नसतं. पण जे निवडशील ते या आठ मिनिटांतल्या वैशालीला शोभायला हवं. ओढणीत पेला गुंडाळणारी मुलगी दुसऱ्याच्या झोपेचा विचार करते. मग दुसऱ्याच्या अभ्यासाचा करते का? उत्तर ‘नाही’ असं आलं तरी ते लिहिण्यासारखं आहे, कदाचित जास्तच. माणूस मैत्रिणीसाठी हळवा असतो आणि अनोळखी फर्स्ट इयरसाठी नसतो, हे आपण सगळ्यांनी हॉस्टेलमध्ये केलेलं आहे.

खर्ड्यातली एक जागा मुद्दाम बघ. दूध वर आलंय हे वैशालीला अंधारात कळतं ते आवाजावरून. तापताना बुडाशी छोटे बुडबुडे होतात, वरच्या गार थरात जाऊन फुटतात, त्याची ती गुणगुण असते. सगळं तापलं की ते फुटायचे थांबतात, आवाज बसतो, आणि त्याच सुमाराला दूध वर येतं. हे मी कथेत समजावलेलं नाही आणि तूही समजावू नकोस. वैशालीनं हे इतक्या वेळा ऐकलंय की तिला कारण माहीत असायची गरज नाही. जिनं असं दूध तापवलंय तिला ती ओळ वाचताना लगेच पटेल, आणि जिनं तापवलं नाही ती विश्वास ठेवेल, कारण मुलगी पातेलं वेळेवर उचलते.

राहिला तो पहिला घोट. कॉफीतलं कॅफीन रक्तात पूर्ण चढायला साधारण अर्धा-पाऊण तास जातो. पहिल्या घोटाला जी तरतरी येते ती गरम पाण्याची, साखरेची आणि उठून हालचाल केल्याची. म्हणजे दोनला प्यायलेल्या कॉफीचा खरा जोर पावणेतीनला. आणि तो लवकर उतरत नाही, पाच-एक तासांनीही निम्मी कॉफी अंगात असते. याचा उपयोग करून घे. तुझ्या कथेत आता ती पिऊन जोमानं अभ्यासाला बसते आणि कथा संपते. त्याऐवजी लाईटीची वाट बघता बघता तिला पेंग येते, वही मिटते, ती आडवी होते, आणि कॉफी तेव्हा चढते. अंधारात डोळे टक्क उघडे, वाचायला उजेड नाही, अंगठ्याला भाजल्याची आग. समोर फर्स्ट इयरच्या मुलीचा प्रश्न. तिला झोपताही येत नाही आणि अभ्यासही करता येत नाही. सुनंदाला चारला उठवायचं तेवढं तिच्या हातात आहे. तुझ्या शेवटापेक्षा हा शेवट खरा होईल असं मला वाटतं, पण बघ.

पहिली दीड पानं मात्र निःशंकपणे काढ. गाव, वडिलांची परिस्थिती, हॉस्टेलची इमारत, मेसचं जेवण, हे सगळं चांगलं लिहिलं आहेस, पण हॉटप्लेटचं बटण तिसऱ्या पानावर दाबलं जातं. कथा बटणापासून सुरू कर. घरचा उल्लेख हवाच असेल तर पातेल्यात येऊ दे. ते पातेलं घरून आणलेलं असेल, त्याच्यावर आईचं किंवा आजीचं नाव कोरलेलं असेल, लग्नात आहेर म्हणून आलेलं. अशी पातेली प्रत्येक हॉस्टेलमध्ये असायची. अंधारात बोटाला ते नाव लागतं, एवढ्या एका ओळीत घर येईल.

काळही एकदा पक्का कर. आज बहुतेक मुलींकडे केटल असते, आणि केटलमध्ये पाणी ठीक, दूध टाकलं की तळाशी करपतं आणि तोंडातून बाहेर येतं. म्हणून वाचणारी आजची मुलगी विचारेल की केटल का नाही. तुझी कथा केटल येण्याआधीची असेल तर ते एका शब्दानं कळू दे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर साल असेल, किंवा कॉरिडॉरच्या टोकाला नाणं टाकून बोलायचा कॉइन बॉक्स असेल.

पुन्हा लिहायला बसण्याआधी एक काम कर. कुणाकडे जुनी तबकडीची हॉटप्लेट पडून असेल तर मागून आण. वायर तपासून घे, फरशीवर ठेव, चेपलेलं पातेलं घे, घड्याळ लाव आणि दूध-पाणी ठेव. मग खोलीतला दिवा घालव आणि नुसतं ऐक. फडकं आधी हातात घे. आवाज खाली आला की उचल. हे झाल्यावर लगेच, हात धुवायच्याही आधी, जे आठवेल ते कागदावर उतरव. तेवढं आणि कथेचा नवा खर्डा मला पाठव. मी वाट बघते आहे.